चिठ्ठीशिवाय नाही

आमच्या सूनबाईला 'नाही' म्हणता येतं. आज मी हे कौतुकानं सांगते आहे, पण पहिली काही वर्षं हीच गोष्ट मी तक्रार म्हणून घरोघर सांगत फिरले. औषधांचं दुकान घरचं, आणि घरच्याच माणसांना त्याचा काडीचा उपयोग नाही! माझी सख्खी बहीण झोपेच्या गोळ्या मागायला आली, तर तिला चहा मिळाला, गप्पा मिळाल्या, डॉक्टरांचा पत्ता मिळाला. गोळ्या नाही मिळाल्या. ती जी रुसली ती बरेच दिवस आमच्याकडे फिरकली नाही. माझ्या खोकल्याचं तर बोलायलाच नको. मी स्वतः कपाटाकडे हात नेला, तर ही हसत हसत म्हणाली, "आई, आधी तपासून या. मग मी स्वतः चमच्यानं पाजते." मालकीण मी, आणि मलाच तपासून या!

दुकान माझ्या यजमानांनी काढलं. ते गेल्यावर परवाना सूनबाईच्या नावावर झाला, कारण शिकलेली फार्मासिस्ट घरात तीच. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी असतो. मी दुपारचं जेवण उरकून दुकानात येऊन बसते. दाराशी वजनाचं यंत्र आहे, त्याच्या शेजारी गिऱ्हाइकांसाठी बाक, आणि बाकाच्या टोकाला माझी उशीची खुर्ची. तिथून सगळं दिसतं. कोण काय नेतं, कोण किती वेळ रेंगाळतं, कोणाचा चेहरा उतरलाय. काउंटरच्या मागे रॅक, बाजूला छोटा फ्रिज, आणि आतल्या भिंतीत बोल्टनं ठोकलेलं एक लोखंडी कपाट. त्या कपाटात काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्याविषयी कुणी मोठ्यानं बोलत नाही. मॉर्फिन आणि त्याची भावंडं. त्याची किल्ली सूनबाईच्या गळ्यात असते. मी एकदा म्हटलं, "मंगळसूत्र काढशील पण ती किल्ली काढायची नाहीस," तर म्हणाली, "बरोबर आहे, आई. मंगळसूत्र हरवलं तर कुणी मरत नाही."

असली ही बाई. आता घड्याळवाल्यांची गोष्ट सांगते.

घड्याळवाले म्हणजे आमच्या समोरच्या गल्लीतले, घड्याळं दुरुस्त करणारे. माझ्या यजमानांचे जिवलग मित्र. मला वहिनी म्हणतात, मी त्यांना भावजी म्हणते. माणूस अबोल. डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली. आणि बायको त्यांच्या अगदी उलट. तिला आख्खी गल्ली रेडिओ म्हणायची, तोंडावरसुद्धा. सकाळी सुरू झाली की झोपेपर्यंत बंद नाही. दूधवाल्याशी, कावळ्याशी, बंद पडलेल्या घड्याळांशीसुद्धा बोलायची. भावजी म्हणायचे, "घरात इतकी घड्याळं, पण मला वेळ कळते ती हिच्या आवाजावरून."

त्या रेडिओला कॅन्सर झाला. हाडांपर्यंत गेला. इस्पितळातून घरी पाठवलं तेव्हा डॉक्टरांनी वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि चिठ्ठी घेऊन भावजी आमच्याकडेच आले. सूनबाईनं त्यांना बाकावर बसवून सगळं समजावलं होतं. सकाळी एक, रात्री एक. न चावता, अख्खी गिळायची. पाकिटावरही तसंच लिहून दिलं होतं.

पुढे पुढे मी भेटायला जायची, तेव्हा रेडिओ झोपलेलीच असायची. नाहीतर विव्हळत असायची. बोलणं संपलंच होतं. भावजी उशाशी बसून असायचे. "आजारानं तिचा आवाज नेला, वहिनी," असं एकदा म्हणाले आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, असंच असतं हे. शेवट आला की माणूस गप्प होतं.

मग ती सुट्टीच्या दिवशीची दुपार. बाकीचा बाजार बंद, आमचं दुकान उघडं. दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. भावजी जवळजवळ धावत आले. पायात चपला वेगवेगळ्या. हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट.

"पोरी, गोळ्या संपल्या. पटकन एक पाकीट दे."

सूनबाईनं पाकीट हातात घेतलं, मागची तारीख पाहिली. "काका, नवी चिठ्ठी?"

"चिठ्ठी परवा. परवा दाखवायचं आहे, तेव्हा डॉक्टर लिहून देतीलच. परवा आणून टाकतो तुझ्या हातात. तू आज दे."

"काका, ह्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. आधी चिठ्ठी, मग औषध. त्याला दुसरा रस्ता कायद्यात नाही."

"दोनच दे. आजच्यापुरत्या."

"दोनही नाही, काका."

भावजी तिच्याकडे बघतच राहिले. हा माणूस आयुष्यात कधी आवाज चढवून बोललेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी ओरडला. "ती तिकडे ओरडतेय! शेजारचे लोक दारात येऊन उभे आहेत! तुझ्या कायद्याला ऐकू येतं का ते?"

मला राहवलं नाही. मी खुर्चीतून उठून काउंटरपाशी गेले. "अगं, घरातलं माणूस आहे ते. चोर आहेत का? परवा चिठ्ठी आणतायत ना? दे की दोन गोळ्या. हे असते तर केव्हाच दिल्या असत्या." रांगेतल्या एका बाईनंही मान डोलावली. तीही म्हणाली, "एवढं काय धरून बसायचं, माणूस मरणाच्या दारात असताना?"

सगळं दुकान एकीकडे आणि ती एकटी एकीकडे. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मला वाटलं, आता चिडेल, आता परवान्याचं, तुरुंगाचं सांगेल. तिनं यातलं काही केलं नाही. गळ्यातल्या किल्लीला हातही लावला नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, मी गोळ्या देणार नाही. पण तुम्हाला रिकाम्या हातानं घरीही पाठवणार नाही. आज काकूंना औषध मिळेल. ते कसं मिळवायचं ते मी बघते. तुम्ही फक्त मला काही गोष्टी सांगा."

रांगेतल्या लोकांना तिनं थोडं थांबायला सांगितलं. फोन कानाला लावला, आणि तो वाजत असतानाच विचारायला लागली.

"गोळ्या परवापर्यंत पुरायला हव्या होत्या. आधी कशा संपल्या?"

"पुरतच नाहीत तिला. सकाळची दिली की झोपते, गाढ, हलवलं तरी उठत नाही. आणि दुपार झाली की तडफडायला लागते. मग मी दुपारी एक जास्तीची देतो. काय करू?"

सूनबाईची मान वर झाली. "गिळता येते का त्यांना गोळी?"

"छे! पाणीसुद्धा चमच्यानं जातं. मी कुटून देतो ना." आणि इतक्या रागातही त्या माणसाच्या आवाजात थोडा अभिमान आला. "माझा छोटा खल आहे, पितळी. त्यात घोटतो. अगदी पिठासारखी. पाण्यात कालवून चमच्यानं पाजतो, एक कण राहू देत नाही."

"काका, पाकिटावर लिहिलं होतं..."

"चावायची नाही, असं लिहिलंय. म्हणून तर कुटतो! चावायला लागूच नये तिला."

सूनबाईनं फोन कानावरून खाली घेऊन क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाली, "काका, ही गोळी बारा तास हळूहळू विरघळायला बनवलेली असते. कुटली की बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. म्हणून त्या गाढ झोपतात. आणि लगेच संपतं, म्हणून दुपारी कळ येते." तिनं शब्द निवडून निवडून वापरले होते, पण भावजी यंत्रातले जाणकार. स्प्रिंग एकदम सुटली की काय होतं ते त्यांना सांगावं लागत नाही. ते बाकावर बसले ते बसलेच.

"मी... मी तिला..."

"तुम्ही त्यांच्या घशाची काळजी केलीत. 'कुटू नका' हे लिहायला मी चुकले. ते नंतर बोलू. आज शेवटची केव्हा दिली?"

"सकाळी."

"आता हाक मारली तर डोळे उघडतात? श्वास नीट चालतोय?"

"ओरडतेय म्हटलं ना."

"मग बरं आहे," सूनबाई म्हणाली, आणि तेवढ्यात पलीकडून कुणीतरी फोन उचलला.

तो फोन मी विसरणार नाही. डॉक्टरांचा दवाखाना बंद, म्हणून तिनं इस्पितळ गाठलं. तिथून दुसऱ्या विभागात, तिथून तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगायचं. पेशंटचं नाव, औषधाचं नाव, किती ताकदीची गोळी, कुटून दिलेली, शेवटचा डोस केव्हा, गिळता येत नाही. एकीनं सांगितलं, सोमवारी या. ही म्हणाली, "सोमवारी येता येणार नाही. आज घरी येणारं कुणी आहे का तुमच्याकडे? नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांचा नंबर द्या. मी थांबते." आवाज एकदाही चढला नाही आणि फोन एकदाही ठेवला नाही. शेवटी घरी जाऊन वेदना बघणाऱ्या डॉक्टरांच्या पथकातल्या ड्यूटीवरच्या बाई मिळाल्या. त्यांच्याशी ती दोनच मिनिटं बोलली असेल, पण त्या दोन मिनिटांत मला कळलं की माझ्या घरात कोण राहतं. मी तिच्या हातची भाजी नावं ठेवत खाल्लेली बाई. मला तिच्यासमोर उभं राहताना कसंतरीच झालं.

"डॉक्टर घरी येतायत," ती भावजींना म्हणाली. "तपासतील, तिथेच इंजेक्शन देतील आणि नवी चिठ्ठी लिहितील. ती अस्सल चिठ्ठी घेऊन तुम्ही इकडे या. मी दुकान बंद करणार नाही. तोवर काहीही कुटून द्यायचं नाही, दुसऱ्या कुणाची गोळी मागून आणायची नाही. आई, तुम्ही काकांबरोबर जाल?"

जाल का म्हणे! मी चपला शोधत होते.

रेडिओच्या खोलीत जे ऐकलं ते लिहिणार नाही. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. भावजी दाराशी उभे राहून रस्त्याकडे बघत होते. तो पितळी खल खिडकीत होता, धुऊन पुसून, लखलखीत ठेवलेला. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

डॉक्टरबाई आल्या. तरुणच होत्या. बुबुळं बघितली, श्वास मोजला, पोट दाबून बघितलं, शौचाला केव्हा झालं ते विचारलं. मग इंजेक्शन दिलं, अगदी थोडं, आणि शेजारी बसून राहिल्या. हळूहळू माझ्या मांडीवरचं ते ताठलेलं डोकं सैल झालं. बाहेर जाताना डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "आज पुन्हा दोन कुटलेल्या गेल्या असत्या तर झोपेतच श्वास थांबायची भीती होती. तुमच्या दुकानातल्या ताईंना सांगा." मीच काउंटरपाशी उभी राहून 'दे की दोन गोळ्या' म्हणाले होते.

मी रेडिओपाशी थांबले आणि भावजी चिठ्ठी घेऊन डॉक्टरबाईंच्याच गाडीतून दुकानात गेले. परत आले ते औषधाची बाटली छातीशी धरून, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी की हसावं की रडावं त्यांनाच कळेना.

"वहिनी, तुमच्या सुनेनं चिठ्ठी परत दिली!"

"काय म्हणता?"

"एकूण औषध किती ते आकड्यात लिहिलं होतं, अक्षरात लिहायचं राहिलं होतं. म्हणे, ह्या औषधाला दोन्ही लागतं. मी म्हटलं, झालं आता! पण ती स्वतः पळत बाहेर आली, डॉक्टरबाई गाडी वळवत होत्या, त्यांना थांबवलं. त्यांनी बॉनेटवर ठेवून लिहिलं, सही केली. हसत होत्या. म्हणाल्या, तुम्ही चांगल्या हातात आहात." भावजींनी बाटली दिव्यापाशी नेली. "हे पातळ औषध. चमच्यानं नाही, ह्या सिरिंजनं मोजून. दर चार तासांनी. माझ्याकडून पाण्यावर तीनदा करून घेतलं, मगच बाटली हातात दिली."

मोजून द्यायचं म्हटल्यावर तो माणूस सावरला. मोजणं त्याच्या हाडात होतं. त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि सिरिंजवरच्या रेघा वाचायला बसला.

मी दुकानात आले तेव्हा शटर अर्धं खाली होतं. सूनबाई माझ्याच खुर्चीत बसली होती. डबा तसाच बंद.

डॉक्टरबाईंचा निरोप मी सांगितला. मग विचारलं, "तुला आधीच कळलं होतं का गं, ते कुटून देतायत म्हणून?"

"नाही, आई. मला काहीच माहीत नव्हतं."

"मग नाही कशाच्या जोरावर म्हणालीस?"

"काका अख्खी गोळी देत असते तरी नाहीच म्हणाले असते." "तो नियम कशासाठी आहे ते दर वेळी मला दिसतंच असं नाही. दिसलं नाही म्हणून नियम मोडायचा, असं करून चालणार नाही. पण नाही म्हणून माणसाला तसंच दारातून परत पाठवणं, ते मला जमत नाही. म्हणून विचारत बसले. विचारता विचारता कळलं." आणि मग ही बाई, जिच्या डोळ्यात मी कधी पाणी पाहिलं नव्हतं, रडायला लागली. "ते ओरडत होते ना, आई, तेव्हा किल्ली गळ्यात इतकी जड लागत होती."

मी डबा उघडला आणि तिला घास भरवला. सासूनं सुनेला. रस्त्यावरून जाणारे बघत होते, बघू देत. बारीकसारीक गोष्टींवरून मी पुढेही तिच्याशी भांडत आलेय, ते काही सुटणार नाही. पण त्या संध्याकाळी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, हे खरं आहे.

दोन दिवसांनी मी रेडिओला बघायला गेले. दारातच थबकले. आतून आवाज येत होता. चिरका, दमलेला, मधेच थांबणारा, पण आवाज. "ती पडद्याची दोरी अशी का लोंबतेय? मी झोपले की घराची धर्मशाळा करायची, नाही का?" भावजी स्टुलावर उभे राहून दोरी बांधत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. आजारानं तिचा आवाज नेला नव्हताच. तो त्या पितळी खलात चालला होता.

त्यानंतर ती थोडेच आठवडे होती. डॉक्टरबाई येत राहिल्या, औषध कमीजास्त करत राहिल्या, दर वेळी नवी चिठ्ठी आमच्या काउंटरवर आली आणि दर वेळी सूनबाईनं ती वरपासून खालपर्यंत वाचली. रेडिओ बरी होणार नव्हती, कुणी तसं खोटं सांगितलंही नाही. पण ती जागी होती. बहिणीशी फोनवर बोलली, शेजारणीच्या उष्ट्या भांड्यावरून कुरकुरली, मला माझ्या साडीच्या रंगावरून बोल लावला.

ती गेल्यावर काही दिवसांनी भावजी दुकानात आले. उरलेलं औषध घरात ठेवायचं नाही, दुकानात परत द्यायचं, हे त्यांना सांगितलेलं होतं. बाटली त्यांनी काउंटरवर ठेवली. सूनबाईनं तिचं झाकण घट्ट आहे का बघितलं आणि बाजूला ठेवली.

"काका, शेवटी त्रास झाला का?"

"नाही. सकाळी भांडली माझ्याशी."

"कशावरून?"

"खिडकीवरून. म्हणे उघड. मी म्हटलं, गार वारा आहे, बाधेल. तर म्हणाली, आता मला काय बाधायचं राहिलंय? आयुष्यभर तुझंच ऐकत आले." भावजी थांबले. "कधी ऐकलं होतं हो तिनं माझं? मीही चिडलो. चांगले भांडलो आम्ही. मग उघडली खिडकी. ती बोलत होती, रस्त्यावर कोण जातंय ते सांगत होती, मी घड्याळ खोलून बसलो होतो. आणि मग बोलायची थांबली."

रांगेत माणसं होती. सूनबाई काउंटरच्या मागून बाहेर आली आणि बाकावर त्यांच्याशेजारी बसली. कुणी घाई केली नाही.

"ऐकायला मिळालं मला, पोरी," भावजी म्हणाले.